पाणी कधी पळालं? ७२० फोटोंचा एक टाइमलॅप्स

आजचा भाग आहे टाइमलॅप्सवर. या भागात दोन-तीन कमांड्स येणार आहेत. त्या नुसत्या ऐकून लिहून घेणं अवघड, म्हणून ज्यांना करून बघायचंय त्यांनी हा लेखी भाग जवळ ठेवा.

फोनमध्ये टाइमलॅप्सचं तयार बटण असतंच. मग शेकडो फोटो वेगवेगळे काढून नंतर जोडायचा उद्योग कशाला? कारण ते बटण दोन निर्णय तुमच्याऐवजी स्वतः घेतं. प्रत्येक क्षणी उजेड किती घ्यायचा हा पहिला, आणि व्हिडिओ किती वेगाने पळवायचा हा दुसरा. ढगांचा सुंदर व्हिडिओ हवा असेल तर घेऊ दे की, काय बिघडतं? पण व्हिडिओ बघून कुणीतरी काहीतरी ठरवणार असेल, तर हे दोन्ही निर्णय आपल्या हातात हवेत. आज मी असंच एक काम सांगणार आहे.

अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीला लोक चालत किल्ल्यात जातात, घोडागाड्याही जातात. भरतीला तोच रस्ता पाण्याखाली जातो. तिथे जवळच होमस्टे चालवणारे एक काका माझ्या ओळखीचे आहेत. त्यांची अडचण साधी होती. पाहुणे घोटाभर पाणी बघतात आणि म्हणतात, "अजून खूप वेळ आहे, अर्ध्या तासात जाऊन येतो." काकांनी कितीही सांगितलं तरी पटत नाही. म्हणून त्यांना एक छोटा व्हिडिओ हवा होता. रिसेप्शनच्या टीव्हीवर लावायचा, आणि पाणी कसं चढतं ते पाहुण्यांनी डोळ्यांनी बघायचं.

म्हणजे या व्हिडिओचं काम एकच. पाणी कधी, किती वेगाने आलं ते खरं दाखवायचं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

पहिला प्रश्न, दिवस कुठला निवडायचा? मला ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सगळे सहा तास चांगल्या उजेडात हवे होते. इथे किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब कामाला येतो. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. त्याच्या साधारण सहा तास आधी, नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. संकष्टी असो वा विनायकी, हिशोब तोच. हा अंदाज आहे हं, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघूनच घ्यायची. पण दिवस निवडायला तो पुरतो. चतुर्थीला सकाळी नऊ ते दुपारी तीन, म्हणजे सूर्य व्यवस्थित वर. पहाटेच्या अंधारातून उजेडाकडे जायची भानगडच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, उजेडाबद्दल बोलताना लागेल.

दुसरा प्रश्न, किती सेकंदांनी एक फोटो? बहुतेक जण इथे मनाला येईल तो आकडा घेतात. दर पाच सेकंदांनी, दर दहा सेकंदांनी. माझं म्हणणं, उलटीकडून मोजा. आधी व्हिडिओ किती लांब हवा ते ठरवा. टीव्हीसमोरून जाणारा माणूस किती वेळ थांबेल? मी अर्धा मिनिट धरलं. व्हिडिओ एका सेकंदाला २४ फोटो दाखवणार, म्हणजे ३० गुणिले २४, एकूण ७२० फोटो. आणि सहा तासांचे सेकंद होतात २१,६००. आता भागाकार करा.

```
21600 / (30 × 24) = 30
```

दर ३० सेकंदांनी एक फोटो. यातून एक छान गोष्ट आपोआप मिळाली. एका तासात १२० फोटो, आणि १२० फोटो पडद्यावर बरोबर पाच सेकंद चालतात. म्हणजे व्हिडिओतले पाच सेकंद म्हणजे खरा एक तास. हा हिशोब पाहुण्यांना एका वाक्यात सांगता येतो. किती पट वेग झाला? दोन फोटोंमधलं अंतर गुणिले दर सेकंदाचे फोटो, म्हणजे ३० गुणिले २४, ७२० पट.

काकांच्या गच्चीवर स्टँड लावला. वाळूवर लावायचा नाही, सहा तासांत तो थोडा तरी खचतोच, आणि पाणीही येतं. गच्चीवर चार्जिंगची सोय असते. फोन विमान मोडवर टाकला, म्हणजे मध्येच कॉल येऊन अ‍ॅप बंद पडायला नको. वर पुठ्ठ्याची सावली केली, कारण उन्हात फोन तापला की स्वतःच कॅमेरा बंद करतो. फोटो काढायला ओपन कॅमेरा हे अँड्रॉइडवरचं मोफत अ‍ॅप वापरलं. त्यात ठरावीक अंतराने फोटो काढत राहायची सोय आहे, आणि फोनने परवानगी दिली तर उजेडाच्या सेटिंगही हाताने करता येतात.

आता येऊ फ्लिकरवर, म्हणजे उजेडाच्या लुकलुकीवर. टाइमलॅप्समध्ये चित्र क्षणात उजळतं, क्षणात काळवंडतं, ट्यूबलाइट बिघडल्यासारखं. ते कुठून येतं?

हे दाखवायला मी त्या दिवशी मुद्दाम दोन फोन शेजारी-शेजारी लावले होते. एक पूर्ण ऑटोवर. दुसऱ्यात सगळं कुलूपबंद, म्हणजे आयएसओ ठरलेला, शटर स्पीड ठरलेला, व्हाइट बॅलन्स 'ऑटो'ऐवजी 'उन्हाचा' निवडलेला, आणि फोकस किल्ल्यावर धरून ठेवलेला. एचडीआर बंद.

ऑटोवरच्या फोनचं काम काय असतं? प्रत्येक फोटो चांगला दिसला पाहिजे. तो दर वेळी नव्याने उजेड मोजतो आणि नव्याने ठरवतो. फ्रेममध्ये पांढरा ढग आला की त्याला वाटतं उजेड वाढला, म्हणून तो सगळं चित्र काळं करतो. ढग गेला की पुन्हा उजळ. प्रत्येक फोटो वेगळा बघितला तर मस्त दिसतो. पण एका सेकंदात असे २४ निर्णय एकामागोमाग बघितले की लुकलुक दिसते.

आमच्या कामात त्याहून मोठी अडचण होती. ओहोटीला फ्रेममध्ये काळपट ओली वाळू आणि खडक असतात. भरतीला तिथे चमकणारं पाणी येतं. पाणी चढत गेलं तसा ऑटोवरचा फोन चित्र काळं करत गेला. व्हिडिओत असं दिसलं की दुपारी एकच्या उन्हात किल्ल्यावर संध्याकाळ होतेय. म्हणजे पाणी वाढलं याची खूण कॅमेऱ्याने किल्ल्याच्या भिंतीवर उतरवली!

तुमच्या फोटोंमध्ये हे झालंय का, ते कसं ओळखायचं? सगळ्यात सोपी तपासणी फोनवरच होते. कुठलेही पाच-सहा फोटो उघडा, वर सरकवून त्यांची माहिती बघा. आयएसओ आणि शटरचे आकडे सगळ्यांत सारखे असतील तर कुलूप लागलेलं आहे. वेगवेगळे असतील तर कॅमेरा ऑटोवर होता, बाकी शोधायची गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल, कुलूपबंद फोनमध्ये लुकलुक नसेलच. थोडी होती. का? एक म्हणजे, आजकालचे फोन फोटो काढल्यावर त्यावर स्वतःची प्रक्रिया करतात. सावल्या उचलतात, आकाश दाबतात. काही फोनमध्ये एचडीआर बंद करूनही हे पूर्ण थांबत नाही. त्यामुळे आकडे तेच, तरी मधूनच एखादा फोटो वेगळा निघतो. आणि दुसरं कारण अगदी खरं. आकाशात ढग होते, त्यांची सावली वाळूवरून सरकत होती.

हे दुसरं कारण नीट लक्षात घ्या. ढगाची सावली समजा चार मिनिटं वाळूवर राहिली. चार मिनिटं म्हणजे आपले आठ फोटो. आठ फोटो म्हणजे पडद्यावर सेकंदाचा तिसरा हिस्सा. किनाऱ्यावर उभ्या माणसाला जी निवांत सावली वाटली, ती टाइमलॅप्समध्ये एक झटका होते. दिसायला हुबेहूब कॅमेऱ्याच्या लुकलुकीसारखी.

मग कॅमेऱ्याची लुकलुक कुठली आणि जगाची कुठली, हे वेगळं कसं करायचं? डोळ्यांनी नाही जमत. मोजायला लागतं. त्यासाठी मी `ffmpeg` वापरतो. हे मोफत आहे, लॅपटॉपवर चालतं, आणि अँड्रॉइडवर टर्मक्स नावाच्या अ‍ॅपमध्येही चालतं. फोनवर जरा वेळ लागतो, पण होतं.

युक्ती अशी. फोटोतले तीन तुकडे निवडा. एक किल्ल्याच्या भिंतीचा, एक कोरड्या वाळूचा, एक आकाशाचा. प्रत्येक तुकड्याचा सरासरी उजेड सगळ्या फोटोंमध्ये मोजा. भिंतीच्या तुकड्यासाठी कमांड अशी:

```
ffmpeg -framerate 24 -pattern_type glob -i 'IMG_*.jpg' \
 -vf "crop=200:150:1800:1100,signalstats,metadata=print:key=lavfi.signalstats.YAVG:file=bhint.txt" \
 -f null -
```

`crop` मधले पहिले दोन आकडे म्हणजे तुकड्याची रुंदी आणि उंची. पुढचे दोन, तो तुकडा डावीकडून आणि वरून किती अंतरावर आहे ते. तुमच्या फोटोत भिंत जिथे असेल तसे बदला. काम झालं की `bhint.txt` मध्ये प्रत्येक फोटोचा एक आकडा मिळतो. शून्य म्हणजे मिट्ट काळं, २५५ म्हणजे पांढरंफट्ट. एक सूचना, विंडोजवर `glob` चालत नाही. तिथे फोटोंना `img_0001.jpg`, `img_0002.jpg` अशी ओळीने नावं द्या आणि `-pattern_type glob` काढून `-i img_%04d.jpg` लिहा, आणि ओळींच्या शेवटचे `\` काढून पूर्ण कमांड एकाच ओळीत लिहा. मधला एखादा नंबर गाळू नका, नाहीतर व्हिडिओ तिथेच संपतो.

आता आकडे वाचूया. एका ठिकाणी भिंत ९२ वरून एकदम ८४ झाली आणि पुढच्याच फोटोत परत ९२. त्याच फोटोत वाळू १३२ वरून १२०, आणि आकाश १९८ वरून १८०. भागाकार करून बघा, तिन्ही ठिकाणी उजेड साधारण नऊ टक्क्यांनी कमी झालाय. एकाच फोटोपुरता, सगळीकडे सारख्या प्रमाणात. निसर्गात असं होत नाही. आकाश, भिंत आणि वाळू एकाच क्षणी एकाच प्रमाणात काळी व्हायला लागली, तर ते कॅमेऱ्याचं काम.

दुसऱ्या ठिकाणी वाळू १३२ वरून १०१ झाली, पण भिंत ९२ च राहिली आणि आकाश १९९. ही ढगाची सावली. ती वाळूवर होती, किल्ल्यावर नव्हती.

एवढं कळलं की फ्लिकर काढायचं अर्धं काम झालं. कारण काय काढायचं आणि काय ठेवायचं हे आता माहीत आहे.

काढायचं कसं? `ffmpeg` मध्ये `deflicker` नावाचा फिल्टर आहे. तो ओळीने काही फोटो घेतो, त्यांच्या उजेडाची सरासरी काढतो, आणि फोटो त्या सरासरीवर आणून बसवतो. किती फोटोंची सरासरी, ते `size` ने ठरतं. उदाहरण घेऊ. पाच फोटोंचा एकूण उजेड ११८, ११८, ११८, १०७, ११८ असा आहे. सरासरी ११५.८. तो बिघडलेला १०७ वाला फोटो आठ टक्के उजळला जातो, आणि शेजारचे फोटो दोन टक्के उतरवले जातात. सगळे ११५.८ वर. झटका गेला, आणि दोन टक्क्यांचा उतार कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग `size` मोठा घेतला तर आणखी छान होईल का? इथेच बरेच जण फसतात. `size` २५ किंवा ५० केला तर व्हिडिओ पहिल्या नजरेला गुळगुळीत दिसतो. पण मग आठ फोटोंची ढगाची सावलीही त्या सरासरीत सापडते. फिल्टरला काय वाटतं, चित्र काळं झालं, उजळा. तो पूर्ण फ्रेम उजळतो, कारण त्याला तुकडे कळत नाहीत, तो सगळ्या फ्रेमला एकाच आकड्याने गुणतो. सावली होती फक्त वाळूवर, आणि उजळलं आकाशही. आता वाळूची लुकलुक कमी झाली आणि आकाश धडधडायला लागलं. तुमचा व्हिडिओ गुळगुळीत असूनही आकाश श्वास घेतल्यासारखं दिसत असेल, तर `size` कमी करा.

मी `size` पाच ठेवला. एका फोटोचे झटके गेले. ढगांच्या सावल्या राहिल्या, त्यांच्या कडा थोड्या मऊ झाल्या. त्या राहू दिल्या, त्या दिवशी त्या खरोखर होत्या.

या फिल्टरच्या दोन मर्यादाही ऐकून ठेवा. एक, तो फक्त उजेड सुधारतो, रंग नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला आणि फोटो एकदा निळसर, एकदा पिवळट आले, तर `deflicker` त्याला हात लावत नाही. म्हणून ते कुलूप फोटो काढतानाच लावायचं. दोन, जे जळालं ते गेलं. आकाश पूर्ण पांढरं, म्हणजे २५५ झालं असेल, तर काळं करून त्यातून ढग परत येत नाहीत, नुसता राखाडी पट्टा येतो. आपला कॅमेरा पश्चिमेकडे बघत होता. सकाळी सूर्य पाठीशी, दुपारनंतर हळूहळू समोर. म्हणजे आकाश दुपारी जास्त उजळणार हे आधीच माहीत होतं. म्हणून सकाळी नऊला शटर ठरवताना चित्र मुद्दाम जरा काळपट ठेवलं, दुपारसाठी जागा सोडली. दिवसाच्या मधले सहा तास निवडल्यामुळे हे जमलं. पहाटे अंधारात कुलूप लावलं असतं, तर नऊ वाजेपर्यंत सगळं पांढरं झालं असतं.

आता पाण्याकडे. ३० सेकंदांनी एक फोटो काढला की प्रत्येक फोटोत वेगळी लाट सापडते. एकीत फेस पुढे, दुसरीत मागे. जोडल्यावर पाण्याची कड थरथरते. हेही फ्लिकरच, पण उजेडाचं नाही, जागेचं. त्यासाठी तीन-तीन फोटो एकमेकांत मिसळले. लाटा मऊ झाल्या आणि पाण्याची सरासरी कड स्पष्ट झाली. आपल्याला तीच तर हवी होती. त्याची किंमत म्हणजे चालणारी माणसं भुतासारखी पारदर्शक दिसतात. माणसं दाखवायची असती तर मी हे केलं नसतं.

सगळं एकत्र केलं की कमांड अशी होते:

```
ffmpeg -framerate 24 -pattern_type glob -i 'IMG_*.jpg' \
 -vf "crop=4000:2250,scale=1920:1080,deflicker=size=5,tmix=frames=3" \
 -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p kulaba.mp4
```

पहिला `crop` उभट फोटो टीव्हीच्या आकाराचा करतो. माझे फोटो ४००० बाय ३००० होते, म्हणून हे आकडे. `tmix` म्हणजे ते तीन फोटोंचं मिश्रण. क्रमही महत्त्वाचा, आधी `deflicker`, मग `tmix`. उलटं केलं तर बिघडलेल्या एका फोटोचा डाग आधी तीन फोटोंवर पसरतो आणि मग तो ओळखणं अवघड होतं.

व्हिडिओ तयार झाला. काकांना दाखवला. त्यांनी एकदा बघितला, परत लावायला सांगितला आणि म्हणाले, "अरे, हे मधेच पळवलंयस काय?"

"नाही काका, सगळं एकाच वेगाने आहे."

"मग पाणी आधी नुसतं रेंगाळतं नि मग एकदम धावतं ते?"

"ते पाणीच तसं येतं."

काका हसले. "तेच तर मी लोकांना सांगतोय इतकी वर्षं!"

काकांना जे दिसलं, त्याचा एक ठोकताळा दर्यावर्दी लोक वापरतात, बाराव्या हिश्शांचा. भरतीचं एकूण पाणी बारा भागांत धरायचं. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा एकूण ३.६ मीटर पाणी चढणार आहे. पहिल्या तासात फक्त ३० सेंटीमीटर. पण तिसऱ्या तासात ९० सेंटीमीटर. पाहुणे पहिल्या तासात पाणी बघतात आणि त्याच वेगाने पुढचा हिशोब करतात. तिथेच ते चुकतात. आपल्या व्हिडिओत हे सरळ दिसतं. पहिल्या पाच सेकंदांत कड जेमतेम हलते. दहाव्या ते विसाव्या सेकंदात निम्मं पाणी येऊन जातं.

आता वेगाचा प्रश्न खऱ्या अर्थाने समोर येतो. मला व्हिडिओत सगळ्यात महत्त्वाचा तुकडा कुठला होता? रस्ता बंद होतो तो. त्या दिवशी फोटो क्रमांक १९६ मध्ये दोन्ही बाजूंच्या पाण्याची पहिली बारीक रेघ जुळली, आणि २६२ मध्ये रस्ता पूर्ण दिसेनासा झाला. मध्ये ६६ फोटो, म्हणजे ३३ मिनिटं. २४ च्या वेगाने ती पडद्यावर पावणेतीन सेकंद चालतात. डोळ्याला जागा शोधायला, काय चाललंय ते कळायला इतका वेळ पुरतो. हाच व्हिडिओ मी सेकंदाला ६० फोटोंनी लावून बघितला. जास्त गुळगुळीत, बारा सेकंदांत खेळ खलास. पण रस्ता बंद व्हायला मिळाला एक सेकंद आणि वर थोडं. ज्यांना दाखवला त्यांना पूर आल्यासारखं वाटलं, आणि रस्ता कधी गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. मग १२ नेही बघितला. पूर्ण एक मिनिट. पाणी शांत दिसलं, पण कड झटक्याझटक्याने सरकायला लागली, आणि सुरुवातीच्या दहा सेकंदांत काहीच होत नाही म्हणून लोक मान फिरवायला लागले.

तुमच्या व्हिडिओचा वेग ठरवताना हेच करा. पूर्ण व्हिडिओची लांबी बघू नका. ज्या घटनेसाठी व्हिडिओ केलाय ती शोधा, तिचे फोटो मोजा, आणि ती पडद्यावर किती सेकंद राहते ते बघा. दोन सेकंदांपेक्षा कमी असेल तर पहिल्यांदा बघणाऱ्याच्या हातून ती निसटते. ढग डोंगरावर चढताना, फूल उमलताना, गणपतीची मखर उभी राहताना, सगळीकडे हाच हिशोब.

मग एक मोह होतो. सुरुवातीचा कंटाळवाणा भाग पळवूया आणि रस्ता बंद होतो तो तुकडा हळू करूया. एडिटिंग अ‍ॅपमध्ये हे दोन बोटांचं काम आहे. गोडधोड रील करायचं असेल तर खुशाल करा. पण इथे काय होईल बघा. पाणी खरोखर जिथे सगळ्यात वेगात आहे, तिथेच आपण ते संथ दाखवू. जिथे संथ आहे तिथे पळवू. पाहुण्याला वाटेल की पाणी सारख्याच वेगाने येतं. म्हणजे ज्या गैरसमजासाठी व्हिडिओ केला, तोच व्हिडिओने पक्का केला. म्हणून वेग पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत एकच ठेवला.

आणखी एक मोह, अ‍ॅपमधल्या 'स्मूथ स्लो मोशन'चा. ते दोन फोटोंच्या मधले नसलेले फोटो स्वतः तयार करतं. पाण्याची कड जिथे कधी कुणी बघितली नाही, तिथे ती रेखाटतं. फेस आणि लाटा असल्या की तिथे चित्र वितळल्यासारखंही दिसतं. हळू व्हिडिओ हवाच असेल तर उपाय एकच, फोटो जास्त काढायचे. ३० ऐवजी १० सेकंदांनी काढले असते तर २१६० फोटो झाले असते, आणि तेवढाच तुकडा तिप्पट वेळ दाखवता आला असता. पण हे आधी ठरवावं लागतं. जास्त फोटो असतील तर वेग नंतर वाढवता येतो. नसलेले फोटो नंतर काढता येत नाहीत.

शेवटचं काम घड्याळाचं. ७२० पट वेग ही गोष्ट पाहुण्याला सांगून काय कळणार? म्हणून कोपऱ्यात वेळ लिहिली. पाच सेकंद म्हणजे एक तास, हा सोपा हिशोब इथे कामाला आला. साध्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये दर पाच सेकंदांनी एक अक्षर-पट्टी लावली: सकाळी ९, सकाळी १०, सकाळी ११. खाली एक ओळ, हा व्हिडिओ चतुर्थीचा आहे, रोजची वेळ वेगळी असते, निघण्याआधी विचारा. ही ओळ लिहिलीच पाहिजे होती. कारण भरतीची वेळ रोज पुढे सरकते, पाऊणपटीचा हिशोब त्यासाठीच आहे. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी याहून जास्त चढतं. व्हिडिओतल्या अकराला धरून कुणी अष्टमीला चालत निघालं, तर माझा सरळ, सच्चा व्हिडिओही त्याला फसवेल.

तो व्हिडिओ आता काकांच्या टीव्हीवर चालतो. पाहुणे बघतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "आज किती वाजता?" काकांना तेवढाच हवा होता.

तुम्ही टाइमलॅप्स करणार असाल तर आज एवढंच करा. कॅमेरा कुलूपबंद करा, एका तासाचे फोटो काढा, आणि जी गोष्ट हलायला नको तिचा एक तुकडा मोजून बघा. लुकलुक कुणाची आहे ते तो तुकडा सांगेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर, मंडळी, नमस्कार!